सोळा घरं, दोन अक्षरं: नववीच्या एका वर्कशीटचं प्रकरण

जानेवारीतली गोष्ट. मी कोथरूडला घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. नववीतली एक मुलगी तपासून आलेलं वर्कशीट घेऊन आली. विषय आनुवंशिकता, पाच प्रश्न, त्यातला चौथा चुकलेला. "मॅडम, बाकी सगळं बरोबर आहे, फक्त चौथा का चुकला ते सांगा," एवढंच तिचं म्हणणं होतं. तिसऱ्या प्रश्नावर तांबड्या शाईची मोठी टिक होती. पण चौथा चुकण्याचं कारण त्या टिकखालीच दडलेलं होतं. ते कसं सापडलं आणि कसं दुरुस्त झालं, ते जरा सविस्तर लिहिते, कारण हीच चूक दरवर्षी दोन-चार वह्यांत मला दिसते.

पहिला प्रश्न एकसंकराचा, म्हणजे एकाच लक्षणाच्या संकराचा होता. शुद्ध उंच वाटाणा TT आणि शुद्ध बुटका tt यांचा संकर, आणि पुढे पहिल्या पिढीतल्या झाडांचा आपसांत संकर. तिने तो नीट सोडवला होता. पहिल्या पिढीत सगळी Tt, म्हणजे सगळी उंच. दुसऱ्या पिढीसाठी पनेट चौकोन असा:

```
        T      t
T      TT     Tt
t      Tt     tt
```

चारपैकी तीन घरांत निदान एक T आहे, म्हणून ती झाडं उंच. एका घरात दोन्ही t, ते बुटकं. स्वरूपविधेचं, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणाचं गुणोत्तर 3:1. जनुकविधेचं, म्हणजे आतल्या अक्षरांच्या जोडीचं 1:2:1, कारण TT एक, Tt दोन, tt एक. दिसायला सारख्या तीन उंच झाडांत आतून दोन प्रकार आहेत, हेही तिने आपल्या शब्दांत लिहिलं होतं. इथे काही सांगायची गरजच नव्हती.

तिसरा प्रश्न द्विसंकराचा, म्हणजे दोन लक्षणं एकदम घेऊन केलेल्या संकराचा. गोल पिवळ्या दाण्याचं झाड RRYY, सुरकुतलेल्या हिरव्या दाण्याचं rryy. पहिल्या पिढीत सगळे RrYy. आता RrYy चा RrYy शी संकर करून दुसऱ्या पिढीचं गुणोत्तर काढायचं. तिने सोळा घरांचा चौकोन पट्टीने आखून सुबक भरला होता आणि खाली 9:3:3:1 लिहून त्याला चौकट केली होती. उत्तर बरोबर, म्हणून टिक. पण आतला चौकोन असा होता:

```
        R     r     Y     y
R      RR    Rr    RY    Ry
r      Rr    rr    rY    ry
Y      RY    rY    YY    Yy
y      Ry    ry    Yy    yy
```

यातून 9:3:3:1 निघत नाही. यातून काहीच निघत नाही. ते गुणोत्तर पाठ होतं, म्हणून खाली आलं. तपासणाऱ्यांनी खालची ओळ पाहिली. पन्नास वह्यांच्या गठ्ठ्यात मीही कधीतरी तेच केलं असतं, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण त्या टिकमुळे मुलीची खात्री झाली की द्विसंकराचा चौकोन असाच भरतात.

चौथ्या प्रश्नात जनक बदलले होते: RrYy चा संकर rrYy शी. तिथेही तिने तोच सोळा घरांचा चौकोन आखला, आणि तिथेही 9:3:3:1. इथे मात्र ते बसत नव्हतं.

चूक मी लगेच सांगितली नाही. तिसऱ्या प्रश्नाच्या पहिल्या घरावर बोट ठेवून म्हटलं, "हा एक दाणा आहे. मला वाचून दाखव. कसा दिसतो?"

"RR... म्हणजे गोल."

"रंग?"

ती थांबली. पान जरा जवळ घेतलं. "रंग... इथे नाहीये, मॅडम."

"बरं, हा YY वाच."

"पिवळा. आणि..." मग स्वतःच म्हणाली, "याला आकारच नाही."

बिनरंगाचा दाणा आणि बिनआकाराचा दाणा. एवढं एकदा दिसलं की पुढचं सोपं होतं. द्विसंकराच्या चौकोनातलं प्रत्येक घर म्हणजे एक अख्खा दाणा. त्यात आकाराची दोन अक्षरं हवीत आणि रंगाची दोन, एक आईकडून एक वडलांकडून. घरात चार अक्षरं नसतील तर चौकोन चुकला. गुणोत्तर मोजायच्या आधी करायची ही तपासणी आहे, आणि तिला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता ही चूक आली कुठून? मी विचारलं, "कडेला R, r, Y, y असं का लिहिलंस?" ती म्हणाली, "युग्मकात एकच अक्षर जातं ना? पहिल्या प्रश्नात तसंच केलं होतं." हे ऐकून मला सगळा उलगडा झाला. युग्मक म्हणजे जनकाकडून संततीत जाणारी पेशी, नराची किंवा मादीची. तिने नियम धरला होता, पण एकसंकरात जो दिसतो तो. तिथे एकच जोडी असते, म्हणून युग्मकात खरोखरच एक अक्षर जातं. तिथून "युग्मक म्हणजे एक अक्षर" हा समज पक्का झाला. खरा नियम असा आहे की प्रत्येक जोडीतलं एक अक्षर युग्मकात जातं. जोडी एक असेल तर अक्षर एक, जोड्या दोन असतील तर अक्षरं दोन. एकसंकरात दोन्ही वाक्यांचं उत्तर सारखंच येतं, म्हणून तिथे चूक कधी उघडी पडत नाही. पहिला प्रश्न बरोबर सुटला म्हणूनच तिसरा बिघडला, असं म्हटलं तरी चालेल.

आणि आता त्या चौकोनातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तिच्या चुकलेल्या चौकोनाचा वरचा उजवा कोपरा पाहा. डावीकडे R आणि r, वर Y आणि y, आणि आत चार घरं: RY, Ry, rY, ry. RrYy या झाडाची हीच चार युग्मकं. आकाराच्या जोडीतलं एक आणि रंगाच्या जोडीतलं एक, जितक्या प्रकारे घेता येतील तितक्या प्रकारे. म्हणजे बरोबर गोष्ट तिच्या पानावर होती, फक्त चुकीच्या जागी. संततीच्या घरात बसलेल्या त्या चौघांना कडेवर न्यायचं होतं. मी तो कोपरा पेन्सिलीने घेरला आणि म्हटलं, "ही चार उचल आणि नव्या चौकोनाच्या कडेला लिही."

तत्पूर्वी एक शंका उरली होती. हे चारही सारख्याच प्रमाणात का? त्यासाठी नाणी काढली. एक रुपयाचं नाणं म्हणजे आकाराची जोडी, छापा R, काटा r. दोन रुपयांचं नाणं म्हणजे रंगाची जोडी, छापा Y, काटा y. दोन्ही एकदम उडवायची. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा, चारही शक्यता समसमान, प्रत्येकी एक चतुर्थांश. एका नाण्यावर काय पडलं याचा दुसऱ्याशी संबंध नाही, हेच मेंडेलच्या स्वतंत्र विभेदनाच्या नियमाचं म्हणणं. पुस्तकातली व्याख्या तिला पाठ होती, पण तिचा अर्थ ती या नाण्यांपाशी पहिल्यांदा बोलली: "म्हणजे R ला Y सोबतच जायची सक्ती नाही."

मग नवा चौकोन:

```
        RY      Ry      rY      ry
RY     RRYY    RRYy    RrYY    RrYy
Ry     RRYy    RRyy    RrYy    Rryy
rY     RrYY    RrYy    rrYY    rrYy
ry     RrYy    Rryy    rrYy    rryy
```

मोजताना मी मुलांना एक-एक घर वाचायला लावते आणि चार खुणा करायला सांगते. आकारात एक जरी R असला तर गोल, रंगात एक जरी Y असला तर पिवळा. पहिली ओळ पूर्ण गोल पिवळी, चार. दुसरीत दोन, तिसरीत दोन, चौथीत एक. झाले नऊ. गोल हिरवे तीन, सुरकुतलेले पिवळे तीन, सुरकुतलेला हिरवा एक, तो उजव्या खालच्या टोकाला. या वेळी 9:3:3:1 पानावरून मोजून आलं. अजून एक ताळा म्हणजे उजव्या वरच्या टोकापासून डाव्या खालच्या टोकापर्यंतचा कर्ण. त्यावर चारही घरं RrYy. तसं नसेल तर कडेचा क्रम कुठेतरी मागेपुढे झाला आहे.

आता चौथा प्रश्न, RrYy आणि rrYy. पहिल्या झाडाची युग्मकं चार, वर काढलेली. दुसऱ्या झाडात आकाराची जोडी rr आहे, तिच्यातून r शिवाय दुसरं काही निघणारच नाही. रंगातून Y किंवा y. म्हणजे युग्मकं दोनच, rY आणि ry. चौकोन सोळा घरांचा नाहीच, आठ घरांचा:

```
        RY      Ry      rY      ry
rY     RrYY    RrYy    rrYY    rrYy
ry     RrYy    Rryy    rrYy    rryy
```

गोल पिवळे तीन, गोल हिरवा एक, सुरकुतलेले पिवळे तीन, सुरकुतलेला हिरवा एक. गुणोत्तर 3:1:3:1. सोळा घरं आखून rY, rY, ry, ry असं दोनदा लिहिलं तरी उत्तर हेच येतं, नुसता वेळ जातो. सोळा हा आकडा द्विसंकराला चिकटलेला नाही. तो दोन्ही बाजूंना चार-चार युग्मकं असली की येतो. 9:3:3:1 सुद्धा फक्त RrYy × RrYy चं उत्तर आहे, आणि तेही दोन्ही लक्षणांत एक रूप दुसऱ्यावर पूर्ण प्रभावी असेल तरच.

इथे मी तिला जवळची वाट दाखवली, कारण आता तिला चौकोन समजला होता. दोन लक्षणं वेगळी करायची आणि दोन छोटे एकसंकर मांडायचे. आकार: Rr × rr, म्हणजे गोल आणि सुरकुतलेले 1:1. रंग: Yy × Yy, म्हणजे पिवळे आणि हिरवे 3:1. आता गुणाकार. गोल एक द्वितीयांश, त्यातले पिवळे तीन चतुर्थांश, म्हणून गोल पिवळे तीन अष्टमांश. तेच आठातले तीन. तिसऱ्या प्रश्नातही तसंच, तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश म्हणजे सोळांतले नऊ. चौकोन म्हणजे गुणाकाराचा पाढाच आहे, हे कळलं की मुलं त्याला घाबरत नाहीत. पण हा गुणाकार दोन नाणी एकमेकांपासून मोकळी असली तरच चालतो. दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतील तर ती बरोबरच जातात आणि गुणोत्तर मोडतं. बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट या शास्त्रज्ञांना 1905 च्या सुमारास स्वीट पी या शोभेच्या फुलझाडात हेच आढळलं. जांभळा रंग आणि लांबट परागकण अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळा एकत्र आले. ज्या पनेटच्या नावाचा हा चौकोन, त्यालाच चौकोनाची मर्यादा दिसली. मेंडेलच्या वाटाण्यातली आकाराची आणि रंगाची जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, म्हणून आपलं वर्कशीट सुरक्षित.

पाचवा प्रश्न होता: RrYy झाडाच्या स्वपरागणातून 48 दाणे मिळाले, तर सुरकुतलेले हिरवे किती अपेक्षित? तिचं उत्तर 3, बरोबर. पण तिने लिहिलं होतं, "3 दाणे मिळतील." मी "अपेक्षित" या शब्दाखाली रेघ मारली. ती म्हणाली, "फरक काय? सोळातला एक म्हणजे अठ्ठेचाळीसमधले तीन."

मग परत नाणी. एका दाण्यासाठी दोन्ही जनकांची मिळून चार नाणी उडवायची, असे सोळा दाणे. ती उडवत होती, मी लिहीत होते. गोल पिवळे आठ, गोल हिरवे चार, सुरकुतलेले पिवळे चार, सुरकुतलेला हिरवा एकही नाही. तिचा चेहरा पडला. तिला वाटलं खेळ चुकला. तो चुकलेला नव्हता. सोळा दाण्यांत नेमके 9, 3, 3, 1 पडण्याची शक्यता गणिताने काढली तर साधारण अडीच टक्के येते, म्हणजे चाळीस वेळा हा खेळ केला तर सरासरी एकदा. आणि सुरकुतलेला हिरवा एकही न येण्याची शक्यता सुमारे 36 टक्के, म्हणजे तिच्या बाबतीत घडलं ते अगदी नेहमीचं. चौकोन एका दाण्याबद्दल बोलतो: हा दाणा असा निघण्याची शक्यता इतकी. सोळा घरं म्हणजे सोळा दाणे नव्हेत.

गुणोत्तर दिसायला आकडा मोठा लागतो. मेंडेलने ब्रनोच्या मठात जे मोजले ते 15 झाडांचे 556 दाणे: गोल पिवळे 315, गोल हिरवे 108, सुरकुतलेले पिवळे 101, सुरकुतलेले हिरवे 32. आम्ही 556 ला सोळाने भागून अपेक्षित आकडे काढले: सुमारे 313, 104, 104 आणि 35. मेंडेललाही नेमकं काही मिळालेलं नाही, पण जवळ किती आहे ते पाहा. तिने दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि "मिळतील" खोडून "अपेक्षित" केलं.

हे चाललं असताना स्वयंपाकघरात माझ्या सासूबाई सासवडच्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. मुलगी दोन शेंगा घेऊन आली. "मॅडम, यात सुरकुतलेला कुठाय? सगळे गोलच आहेत." प्रश्न फार चांगला होता. ओली शेंग कोवळी असते, तेव्हा दोन्ही जातींचे दाणे टपोरेच दिसतात. फरक दिसतो तो दाणा झाडावर पूर्ण पिकून वाळल्यावर. rr दाण्यात साखरेचा स्टार्च करणाऱ्या एका विकराचं जनुक बिघडलेलं असतं. साखर जास्त उरते, त्यामुळे दाणा पाणी जास्त धरून ठेवतो, आणि वाळताना ते पाणी गेलं की साल सैल पडून सुरकुतते. हे जनुक 1990 मध्ये ओळखलं गेलं. Rr मध्ये एक चांगली प्रत असते, दाणा गोल व्हायला तेवढी पुरते. प्रभावी म्हणजे एवढंच. ताकदवान नाही, आणि संख्येने जास्त तर मुळीच नाही.

"मग हे ओले दाणे गच्चीवर वाळवून बघू?" तिने विचारलं. मी नको म्हटलं. कोवळा दाणा कोणत्याही जातीचा असो, वाळवला की चिंबतोच. त्यावरून rr म्हणणं म्हणजे नवी चूक. त्याऐवजी पूर्ण पिकलेले दाणे घेतले. एक वाटी किराणा दुकानातला पांढरा वाटाणा, उसळीचा, आणि बियाण्याच्या दुकानातून आणलेलं भाजीच्या वाटाण्याचं छोटं पाकीट. बियाण्याला औषध चोळलेलं असतं, म्हणून ते कागदावरच ठेवलं आणि नंतर हात धुतले. फरक लांबूनही कळत होता. उसळीचा वाटाणा गुळगुळीत गोल, एखाद्याला खळगा पडलेला एवढंच. पाकिटातलं बी अक्षरशः मनुक्यासारखं. उसळीचा एक दाणा भिजवून साल काढली तर आत पिवळ्या डाळिंब्या निघाल्या. रंग पाहायचा तो इथे, सालीवर नाही. साल आईच्या झाडाची असते, डाळिंब्या पुढच्या पिढीच्या. म्हणूनच मेंडेलला दुसऱ्या पिढीचे दाणे पहिल्या पिढीच्या झाडावरच्या शेंगांत मोजता आले, वर्षभर थांबावं लागलं नाही.

तिने वहीत लिहिलं, पाकिटातलं बी rr. ते ठीक, सुरकुतलेला म्हटल्यावर दुसरा पर्यायच नाही. मग उसळीच्या वाटाण्यासमोर पेन थांबलं. "हा RR की Rr?"

वर्कशीटचा दुसरा प्रश्न हाच होता: एका उंच झाडाचा बुटक्याशी संकर केला, निम्मी उंच आणि निम्मी बुटकी निघाली, तर उंच जनकाची जनुकविधा काय? तिने तो Tt असा बरोबर सोडवला होता, पण कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. आता तीच म्हणाली, "याचा पाकिटातल्याशी संकर करायचा. एक जरी सुरकुतलेला निघाला तर हा Rr." मी विचारलं, "आणि आठच दाणे मिळाले, आठही गोल, तर?" तिने नाण्यांकडे पाहिलं आणि हिशेब मांडला. Rr असूनही आठही गोल येण्याची शक्यता एक द्वितीयांशाचा आठ वेळा गुणाकार, म्हणजे 256 मध्ये एक. "मग RR म्हणायला हरकत नाही, पण जास्त दाणे मिळाले तर बरं."

वाटाण्याचं फूल उमलण्याआधी कळीतच स्वतःचं परागण स्वतः करतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या Rr निम्मे-निम्मे होत जातात आणि दुकानातला दाणा बहुधा शुद्धच असतो, हे मी तिला सांगितलं. तरी तिने दोन्हींचे चार-चार दाणे मागून घेतले. तिच्या बाल्कनीत ऊन येतं. फूल उमलायच्या आत कळी उघडून पुंकेसर कसे काढायचे ते दाखवायला मी जाणार आहे.